सोमवतीची पालखी आणि परवानगीचं पत्र

सोमवारी अमावस्या आली की जेजुरीच्या खंडोबाची पालखी गड उतरते. गावातून कऱ्हेवर जाते, नदीत उत्सवमूर्तींना स्नान घातलं जातं आणि रात्री पालखी पुन्हा गडावर चढते. भाविकांची गर्दी असते ती भंडारा उधळायला, पालखीला हात लावायला. देव गडावर परतल्यावर देवाच्या सेवेकऱ्यांना रोजमुरा म्हणून ज्वारी वाटतात आणि सोहळा संपतो. तोवर बहुतेक लोक घरी गेलेले असतात. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला खरं पाहायचं असतं ते हेच. धान्य कोणाला मिळतं, कोणाच्या आधी मिळतं, कोणत्या सेवेसाठी मिळतं, आणि घेणारा ते कसं घेतो. देवळातले हक्क कागदावर शोधायला वर्षं लागतील. इथे ते डोळ्यांसमोर मांडलेले असतात.

एम. ए.ची एखादी मुलगी हा विषय क्षेत्रकार्यासाठी निवडते असं धरू. तिला पहिलं काम करायचं आहे ते देवसंस्थानाला पत्र लिहिण्याचं. बहुतेक मुलं ते असं लिहितात: ‘मी अमुक महाविद्यालयात शिकत असून मला आपल्या मंदिराचा अभ्यास करावयाचा आहे, तरी परवानगी द्यावी ही विनंती.’ असं पत्र कार्यालयात पडून राहतं. त्यात अनास्था असतेच असं नाही. ते वाचणाऱ्या व्यवस्थापकाला परवानगी कशाची द्यायची तेच कळत नाही. देवस्थान म्हणजे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला न्यास असतो. त्याचे विश्वस्त धर्मादाय आयुक्तांना जबाबदार असतात आणि महत्त्वाचे निर्णय सभेच्या इतिवृत्तात लिहावे लागतात. ‘मंदिराचा अभ्यास’ याला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यातलं चित्रीकरण मोबाईलवर फिरू लागलं, तर उत्तर त्या व्यवस्थापकाला द्यावं लागतं. म्हणून तो पत्र फाईलला लावतो आणि गप्प बसतो.

पत्र लिहायला बसण्याआधी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. समितीच्या हातात देवळाचं सगळं नसतं. इमारत, दानपेटी, कार्यालय, दर्शनाची रांग, आवारातली शिस्त हे विश्वस्तांचं. पूजा पिढीजात पुजाऱ्यांची. पालखी खांद्यावर घेण्याचा मान खांदेकऱ्यांचा, आणि मानकऱ्यांनी सूचना दिल्याशिवाय ती जागची हलत नाही. वाघ्या-मुरळी देवाची गाणी गातात, जागरण घालतात, पण ते संस्थानाचे नोकर नव्हेत. गडाखालचा रस्ता आणि नदी सार्वजनिक, तिथला बंदोबस्त पोलिसांचा. म्हणजे गडाच्या दरवाजापासून कऱ्हेच्या पात्रापर्यंत परवानगी देणारा माणूस बदलत जातो. ही वाटणी ज्याला आधी कळली त्याचं पत्र बरोबर उतरतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की आधी एकदा साध्या दिवशी भाविक म्हणून जा, वही-कॅमेरा न काढता दिवसभर बसा, कार्यालयात कोण बसतं आणि ओवऱ्यांत कोण बसतं ते पाहा, मग घरी येऊन लिहा.

त्या मुलीचं पत्र साधारण असं असावं:

प्रति,
मा. प्रमुख विश्वस्त,
श्री मार्तंड देवसंस्थान, जेजुरी.

विषय : येत्या सोमवती अमावस्येचा पालखी सोहळा व रोजमुरा वाटप अभ्यासासाठी पाहण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
मी एम. ए. (समाजशास्त्र) द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. ‘देवाच्या सेवेकऱ्यांचे मान व परंपरा’ या विषयावर मला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लघुप्रबंध लिहायचा आहे. त्यासाठी पुढील दोन गोष्टींची परवानगी मिळावी ही विनंती.

एक, सोहळ्याच्या आधीच्या आठवड्यातील एका साध्या दिवशी पहाटेच्या पूजेपासून शेजारतीपर्यंत गडावर बसून नोंदी घेणे. दोन, सोमवतीच्या दिवशी पालखी गडावरून निघताना, आणि रात्री परतल्यावर रोजमुरा वाटप होत असताना, आपण सांगाल त्या जागी उभे राहून पाहणे. सोहळ्याची वेळ पंचांगाप्रमाणे व आपल्या निर्णयाप्रमाणे जी ठरेल ती मला मान्य आहे.

मी गाभाऱ्यात प्रवेश करणार नाही. नोंदी वहीत हाताने घेईन. छायाचित्रे फक्त आपण परवानगी द्याल तिथेच काढीन. ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करणार नाही. देवस्थानाचे हिशेब, जमिनी किंवा न्यायालयीन बाबी हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही. पुजारी, मानकरी, खांदेकरी व सेवेकरी यांच्याशी बोलण्यासाठी मी प्रत्येकाची स्वतंत्र संमती घेईन, आणि त्यांची नावे लघुप्रबंधात येणार नाहीत. कोणत्याही क्षणी आपण सांगितल्यास मी नोंदी घेणे थांबवीन.

लघुप्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत, मराठी सारांशासह, कार्यालयात आणून देईन.

सोबत : महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, मार्गदर्शक प्राध्यापकांचे शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, दूरध्वनी, मार्गदर्शकांचे नाव व दूरध्वनी)

पत्र एका पानात मावतं, आणि मावलंच पाहिजे. विश्वस्तांच्या सभेत ते वाचून दाखवलं जातं. दुसरं पान वाचायची वेळ येत नाही.

या पत्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा परिच्छेद, ‘मी काय करणार नाही’ हे सांगणारा. मुलं तो लिहायला बिचकतात. आधीच स्वतःला बांधून कशाला घ्यायचं, असं त्यांना वाटतं. पण विश्वस्त पत्र वाचताना मनात शोधत असतात ती नेमकी हीच वाक्यं. ‘आमच्या जमिनींची चौकशी तर नाही ना?’ ही शंका महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या देवस्थानात असते, कारण इनाम जमिनींचे वाद पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असतात. विषयात ‘सर्वेक्षण’ हा शब्द आला की ती शंका लगेच जागी होते. हक्कांबद्दल लिहितानाही तारतम्य लागतं. वर विषयात ‘मान व परंपरा’ असं म्हटलं आहे, ‘हक्क’ म्हटलेलं नाही. यात लबाडी नाही. मुलीला पाहायचा आहे तो मानच. एखाद्या मानावर दोन घराण्यांचा दावा चालू असेल, तर तिच्या वहीतली नोंद उद्या कोणीतरी पुरावा म्हणून मागू शकतो, आणि ती त्यासाठी तिथे गेलेली नाही.

वेळेचं वाक्यही असंच जपून लिहिलेलं आहे. सोमवती वर्षातून एकदा-दोनदा, क्वचित तीनदा येते, आणि अमावस्या कोणत्या घटकेला लागते व संपते यावर पालखी कधी निघणार ते अवलंबून असतं. पंचांग पाहून आणि मानकरी-ग्रामस्थांशी बोलून ते ठरतं. पत्रात कोणी ‘सकाळी ११ ते सायंकाळी ६’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळतं की हिला सोहळ्याची काही माहिती नाही, आणि परवानगी मिळाली तरी ती चुकीच्या तासांची मिळते. कॅलेंडरमध्ये पुढची सोमवती पाहून पत्र किमान महिनाभर आधी द्यावं. विश्वस्तांची सभा मध्ये एकदा तरी व्हायला हवी.

पत्र स्वतः जाऊन द्यावं, दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालय ठेवून घेतं. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ही पोच जपून ठेवावी, कारण महिनाभरानंतर विचारायला गेल्यावर ‘कुठलं पत्र?’ असं विचारलं जातं तेव्हा तो क्रमांकच कामाला येतो. उत्तर बहुधा लेखी मिळत नाही. व्यवस्थापक फोनवर ‘या, पण अमुक ठिकाणी उभं राहा’ एवढंच सांगतो. ते पुरेसं मानू नये. त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्यावं: ‘आपण दूरध्वनीवर सांगितल्याप्रमाणे मी अमुक ठिकाणी उभी राहून नोंदी घेईन, आभारी आहे.’ त्याची पोच म्हणजे लेखी परवानगीच झाली. सोमवतीच्या गर्दीत ज्या सुरक्षारक्षकाला या सगळ्याची काहीच कल्पना नसते, त्याला दाखवायला तेवढं पुरतं.

नकार आला तर तो बहुतेक वेळा रोजमुऱ्याच्या वेळेला येतो, पालखीला नाही. तो देण्याघेण्याचा, आपसातला क्षण असतो. अशा वेळी वाद न घालता ती मागणी तेवढी मागे घ्यावी आणि पालखीची परवानगी हातात ठेवावी. नंतर सेवेकऱ्यांच्या घरी बसून त्या धान्याबद्दल विचारता येतं. अनेकदा घरचं बोलणं प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा जास्त सांगून जातं, कारण कोणत्या वर्षी कोणाला कमी मिळालं, कोण रुसलं, कोणी पुढच्या वेळी पालखीला खांदा दिला नाही, हे घरातच उलगडतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही समितीच्या परवानगीने मिळत नाही. मुरळीशी बोलायचं असेल तर तिची संमती तिच्याकडूनच घ्यावी लागते, आणि तीही विचारपूर्वक. देवाला मुलगी सोडण्यावर मुंबई प्रांतात १९३४मध्येच कायदा झाला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५चा आहे. ‘तुम्हाला देवाला कधी वाहिलं?’ हा प्रश्न विद्यार्थिनीला साधा वाटतो. उत्तर देणाऱ्या बाईसाठी तो तिच्या आईवडिलांवर बोट दाखवणारा ठरू शकतो. तेव्हा तिची गाणी, तिचं जागरण, तिची कमाई यांबद्दल बोलावं, आणि बाकीचं ती स्वतः सांगेल तेवढंच घ्यावं. वहीत तिचं नाव, गाव आणि वय एकत्र लिहू नये. नाव बदललं तरी गाव आणि वयावरून जेजुरीत माणूस ओळखू येतो. ‘नावे येणार नाहीत’ हे पत्रातलं वचन वहीपासून पाळलं, तरच ते लघुप्रबंधापर्यंत पाळलं जातं.

प्रत्यक्ष दिवशी भंडाऱ्याचा विचार आधीच करावा. हळदीची पूड कॅमेऱ्याच्या भिंगात आणि फोनच्या छिद्रात शिरते. वहीची पानं पिवळी होतात आणि शाई पसरते. पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची छोटी वही बरी. पालखी निघाली की घोळक्यात शिरायचा मोह होतो, पण समितीने दाखवलेली जागा सोडू नये. खांदेकऱ्यांच्या अदलाबदलीचा क्रम एका जागी उभं राहिल्यावरच नीट दिसतो. गड उतरल्यावर पालखी रस्त्यावर येते. तिथे पत्र लागत नाही आणि चालतही नाही, तिथे विद्यार्थिनी इतरांसारखीच एक भाविक असते. रात्री रोजमुऱ्याच्या वेळी पुन्हा गडावर, पुन्हा त्याच जागी.

लघुप्रबंधाची प्रत कार्यालयात पोचवायची असते ती परीक्षेनंतर, जेव्हा कोणालाच ती आठवत नाही तेव्हा. ती द्यावी, तिच्यावरही आवक क्रमांक घ्यावा, आणि मराठी सारांशाच्या आणखी दोन-चार प्रती ज्या सेवेकऱ्यांनी घरी बसवून चहा दिला त्यांच्या हातात द्याव्यात. आपल्या घराण्याचा मान तिथे कसा लिहिला आहे ते ते काळजीपूर्वक वाचतात, चूक असेल तर सांगतात, आणि ती दुरुस्ती पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते.