काळीज कुठं लावायचं?

तिसरीतल्या एका मुलीच्या हातात तपकिरी कागदाचं यकृत होतं. जमिनीवर अंथरलेल्या खाकी कागदावर तिच्याच मैत्रिणीची बाह्यरेषा काढलेली होती. ते यकृत त्यात कुठं ठेवायचं, हे तिला ठरवायचं होतं. "बाई, हे काय?" "यकृत. याला काळीजही म्हणतात." तिनं तुकडा उचलला आणि छातीच्या डाव्या बाजूला ठेवून दिला. "हेच धडधडतं ना?"

तिची चूक म्हणवत नाही. आपल्या भाषेत काळीज हा शब्द दोन ठिकाणी राहतो. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर यकृत मिळतं, आणि काळजाचा ठोका चुकला म्हटलं की बोलणं हृदयाचं असतं. पोटाचंही तसंच आहे. जेवण पोटात जातं, बेंबीच्या आजूबाजूच्या भागालाही पोट म्हणतात, म्हणून जेवण साठवणारी पिशवी मुलं बेंबीवर नेऊन ठेवतात. हे घोळ पुस्तकातल्या रंगीत चित्राकडे बघून सुटत नाहीत, कारण ते चित्र दुसऱ्याच कुणाचं असतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मापाच्या कागदावर अवयव ठेवायला दिले, की त्याच्या डोक्यात काय आहे ते आधी आपल्याला कळतं, मग त्याला.

तयारी साधी आहे. खाकी कागदाचा रोल नसेल तर दोन कार्डशीट लांबीच्या बाजूनं चिकटवली की जवळजवळ 140 सेंटीमीटरचा पट्टा होतो. तिसरीचं मूल त्यात डोक्यापासून पावलापर्यंत बसतं. खरं तर मांड्यांपर्यंतची रेषाही पुरते, कारण आपल्याला हवं ते सगळं त्याच्या वर आहे. पाच-सहा मुलांच्या गटात एकाचीच बाह्यरेषा काढावी, तीही आपणहून पुढं आलेल्या मुलाची. प्रत्येकाची काढली की कुणाचा कागद भरला, कुणाचा उरला यावर बोलणं सुरू होतं आणि एखादं मूल दिवसभर गप्प राहतं. रेषा मित्रानं किंवा मैत्रिणीनं काढावी आणि पेन्सिल पायांच्या मधून न्यायची नाही, हे आधीच सांगावं. पेन्सिल उभी धरली तरच माप खरं येतं. ती बाहेर कलली की आठ वर्षांचं मूल कागदावर पहिलवान होतं आणि मग सगळे अवयव त्यात लहान दिसतात.

आडवं झालेलं मूल उठण्याआधी दोन कामं उरकायची. ही विसरली की पुढचा खेळ नुसता चिकटकामाचा तास होतो. पहिलं काम खुणांचं. मुलानं स्वतःच्या बोटांनी गळ्याखालचं आडवं हाड, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, शेवटची बरगडी, बेंबी आणि कमरेचं हाड चाचपायचं आणि मित्रानं त्या त्या उंचीवर कागदाच्या कडेला खूण करायची. नंतर या खुणांमधून आडव्या तुटक रेषा काढल्या की रिकाम्या आकृतीत जणू मजले तयार होतात. दुसरं काम डाव्या-उजव्याचं. मूल पाठीवर झोपलेलं असतानाच त्याच्या उजव्या तळव्याजवळ कागदावर 'उ' आणि डाव्याजवळ 'डा' लिहायचं. मूल उठून पावलांच्या बाजूला उभं राहिलं, की कागदावरची आकृती त्याच्याकडे तोंड करून असल्यासारखी होते. तिची डावी बाजू त्याच्या उजव्या हाताला येते. इथं भल्याभल्या मोठ्यांचाही गोंधळ होतो. जेवायचा हात तो उजवा, असं शिकवायची सवय असेल तर वर्गात डावखुरं मूल आहे का ते आधी बघावं. मी सगळ्यांच्याच उजव्या मनगटाला लोकर बांधते.

आता अवयव. मेंदू, दोन फुप्फुसं, हृदय, यकृत, जठर, दोन मूत्रपिंडं आणि आतडी, एवढे या वयाला भरपूर झाले. मापं मुलांकडूनच घ्यायची. हृदय साधारण आपल्या स्वतःच्या मुठीएवढं असतं, तेव्हा ज्याची बाह्यरेषा आहे त्याचीच मूठ कागदावर ठेवून तेवढा तुकडा कापायचा. बदामाचा आकार कापू द्यायचा नाही. मूत्रपिंड राजम्याच्या दाण्यासारखं, या वयात आठ-नऊ सेंटीमीटर लांब. यकृत पाचरीसारखं, उजवीकडे रुंद आणि डावीकडे निमुळतं. मोठ्या माणसाचं लहान आतडं सरासरी 6 मीटर असतं, मुलाचं त्याहून कमी. मी 4 मीटर सुतळी देते. ती सुतळी वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून दाखवली आणि मग बेंबीभोवतीच्या जागेत मावेल अशी दुमडायला लावली, की लहान आतडं वेटोळी घालून का असतं हे वेगळं समजवावं लागत नाही.

पहिली फेरी अंदाजाची. डिंक बाजूला ठेवायचा, तुकडे नुसते ठेवायचे आणि त्यांच्याभोवती पेन्सिलीची फिकट रेघ मारायची. चूक-बरोबर काहीच सांगायचं नाही. मी सुरुवातीला जिची गोष्ट सांगितली त्या गटाचा पहिला कागद आठवतो. हृदय आणि यकृत डाव्या छातीवर एकमेकांना खेटून. जठर बेंबीवर. फुप्फुसं मुठीएवढी, गळ्याच्या जरा खाली, जणू दोन फुगे. दोन्ही मूत्रपिंडं कमरेच्या हाडाच्याही खाली, कारण शू तिथून येते. आणि तोंडापासून जठरापर्यंत मध्ये काहीच नाही, कोरा कागद.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मायकेल राइस, स्यू डेल टनिक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 देशांतल्या मुलांकडून 'आपल्या आत काय आहे' याची चित्रं काढून घेतली होती. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हेच दिसलं. मुलांना सुटे अवयव बरेच माहीत असतात, पण ते एकमेकांना जोडून काढणारी मुलं फार कमी. आमच्या कागदावर तोंडातला घास थेट पोटात उडी मारत होता.

दुसरी फेरी तपासणीची. इथं कागद सोडून मुलं स्वतःच्या अंगाकडे वळतात. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टरांनी एका रुग्ण तरुणीच्या छातीचे ठोके ऐकण्यासाठी कागदाची गुंडाळी केली, त्यातून पुढं स्टेथोस्कोप आला. तीच गुंडाळी मुलांना करायला द्यायची. वीस उड्या मारायच्या, मित्राच्या सदऱ्यावर गुंडाळी टेकवायची आणि ठोका कुठं सगळ्यात मोठा येतो ते शोधायचं. आधी पार डावीकडे, काखेजवळ ऐकायचं, मग मध्याकडे सरकत यायचं. काखेशी फारसं काही ऐकू येत नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या जरासं डावीकडे ठोका स्पष्ट होतो. हृदय छातीच्या साधारण मध्यभागी, दोन फुप्फुसांच्या मध्ये असतं. त्याचं खालचं टोक डावीकडे कललेलं असतं आणि ते तिथं छातीच्या भिंतीला थडकतं, म्हणून ते सगळं डावीकडे आहे असं आपल्याला वाटतं. त्या गटानं आपलं हृदय चार बोटं सरकवलं, कुणी न सांगता.

फुप्फुसांसाठी मित्राच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवून त्याला खोल श्वास घ्यायला सांगायचं. पाठसुद्धा हलते, अगदी खालच्या बरगड्यांपर्यंत, हे कळल्यावर मुलं थक्क होतात. कागदावरचे दोन फुगे ती आपणच मोठे करायला मागतात. घासासाठी गार पाण्याचा एक मोठा घोट प्यायचा आणि गारवा कुठपर्यंत जाणवतो तिथपर्यंत बोट फिरवायचं. बोट छातीच्या मधून खाली येतं आणि मधल्या हाडाच्या टोकापाशी थांबतं. गारवा बेंबीपर्यंत जात नाही. मग जठर वर सरकवायचं, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला, आणि तोंडापासून तिथपर्यंत लोकरीचा एक धागा लावायचा. यकृताला ठोका नाही की गारवा नाही, ते स्वतःहून काही सांगत नाही. तिथं बाईंनीच सांगावं लागतं, उजव्या बरगड्यांच्या आत, जठराच्या शेजारी, त्याचा काही भाग झाकून. अवयव एकमेकांवर असे चढतात हे दिसावं म्हणून मी कागद पूर्ण चिकटवू देत नाही, वरच्या कडेला फक्त एक थेंब डिंक.

सगळं जागेवर आलं की बाह्यरेषेच्या मालकानं पुन्हा तिच्यावर पाठीवर झोपायचं आणि मित्रांनी एकेक तुकडा कागदावरून काढून त्याच्या सदऱ्यावर ठेवायचा. तळव्यांजवळचा 'उ' आणि 'डा' इथं कामाला येतात. कागद भिंतीवर टांगून तपासलं तर मुलं यकृत हमखास स्वतःच्या उजव्या हाताच्या बाजूला, म्हणजे आकृतीच्या डावीकडे लावतात. झोपलेल्या मित्राच्या अंगावर ठेवताना ही चूक जवळजवळ होत नाही.

मूत्रपिंडांपाशी मात्र हा खेळ अडतो. बाह्यरेषेला पुढची आणि मागची बाजू वेगळी नसते आणि मूत्रपिंडं आहेत पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, उजवं डाव्याहून किंचित खाली, कारण त्याच्या वर यकृत बसलेलं असतं. मी कागद उलटा करून ती मागच्या बाजूला लावायला सांगते. दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगठे मागं वळवले, तर त्या अंगठ्यांच्या जरा वर, असंही दाखवते. मुलं हसत हसत करतात आणि तुकडे बरोबर लावतात.

पण खेळ त्या दिवशी संपत नाही. आठवड्यानं, कागद कपाटात असताना, मी प्रत्येकाला डोळे मिटायला लावते आणि एकेका अवयवाचं नाव घेऊन हात ठेवायला सांगते. कागदावर बरोबर लावलेलं इथं बरोबर येईलच असं नाही, म्हणून खरी परीक्षा हीच. त्या गटातल्या सहाही जणांचे हात हृदयासाठी छातीच्या मध्यावर आले. जठरासाठी पाच जणांचे डाव्या बरगड्यांखाली गेले, एकाचा बेंबीवर. काळीज म्हटल्यावर त्या मुलीनं थांबून विचारलं, "यकृतवालं की ठोकावालं?" आणि मूत्रपिंडांसाठी चौघांनी पुन्हा दोन्ही हात पुढच्या बाजूलाच, ओटीपोटावर ठेवले.

मागच्या बाजूला लावलेला तुकडा कागद सुलटा केला की दिसत नाही, आणि न दिसलेलं या वयात टिकत नाही. पुढच्या गटाला मी आधी पालथं झोपवलं आणि खेळ मूत्रपिंडांपासून सुरू केला.