पुढच्या स्लाइडचं कारण

इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये अनेक चित्रं सरकवत पाहायची सोय २०१७ मध्ये आली. तेव्हा मर्यादा दहा चित्रांची होती. २०२४ मध्ये ती वीस झाली. माहिती देणाऱ्या पोस्ट आता सर्रास या रूपात येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच वाचताना लगेच कळतं की मूळ मजकूर एका परिच्छेदाचा होता आणि तो जागा मिळेल तिथे तोडला आहे. पहिल्या स्लाइडवर भलंमोठं शीर्षक, दुसरीवर प्रस्तावना, तिसरीवर पाच मुद्दे आणि कोपऱ्यात पुढे सरकवा असं सांगणारा बाण. अशा बाणावर फार भरवसा ठेवता येत नाही. वाचक पुढे जातो तो समोरच्या स्लाइडवरचा विचार पुरा झाल्यामुळे, आणि तो पुरा होतानाच त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यामुळे. कॅप्शन लिहिणाऱ्याचं मुख्य काम हा प्रश्न ओळखण्याचं आहे.

सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराचं उदाहरण घेऊ. पत्रकात हा मजकूर साधारण असा असतो: साप चावल्यास घाबरू नये, रुग्णाची हालचाल टाळावी, दोरी बांधू नये, जखम कापू अथवा चोखू नये, सापाला शोधण्यात वेळ न घालवता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावं. एकही शब्द चुकीचा नाही. तरी याचे तुकडे करून स्लाइडवर टाकले तर ती नुसती सूचनांची यादी होते आणि वाचणारा तिसऱ्या सूचनेला सोडून जातो. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटी आहे. म्हणून पहिली दुरुस्ती क्रमाची. पहिल्या स्लाइडवर हे यावं: 'साप चावला तर माणसाला चालवू नका, उचलून रुग्णालयात न्या.' खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक.

इथे पहिला आक्षेप येतो. उत्तर सुरुवातीलाच दिलं तर पुढे कोण सरकवेल? 'साप चावल्यावर लोक करतात ती एक मोठी चूक' असं लिहून उत्सुकता ताणावी, हा सल्ला म्हणूनच लोकप्रिय आहे. पण अशा ओळीने निर्माण झालेली उत्सुकता चूक समजताच संपते आणि त्यानंतरच्या स्लाइडना तिचा काही उपयोग राहत नाही. शिवाय पहिल्याच स्लाइडवर थांबणारे वाचक असतातच. ते रिकाम्या हाताने जातात. या विषयात ती उणीव जिवावर बेतू शकते. उत्तर आधी दिल्याने ओढ संपत नाही, कारण चांगलं उत्तर स्वतःच पुढचा प्रश्न विचारतं. रुग्णालयात न्यावं हे पटतं, पण चालवू का नये? दुसरी स्लाइड तेच सांगते: 'स्नायू हलले की विष लवकर पसरतं. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवा.' पसरणं थांबवायचं आहे हे कळताच गावाकडच्या वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न येतोच: मग वरच्या बाजूला दोरी आवळून का नाही बांधायची? तिसरी स्लाइड त्याची वाट पाहत असते: 'दोरी आवळू नका. रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय कायमचा निकामी होऊ शकतो, आणि दोरी सोडताच अडलेलं विष एकदम शरीरात जातं.'

या तिसऱ्या स्लाइडवर दोन वाक्यं असूनही विचार एकच आहे. एका स्लाइडवर एक कल्पना याचा अर्थ एक वाक्य असा घेतला की कारणं गळून पडतात आणि उरतात नुसते हुकूम. दोरी बांधणं ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे. ती नुसत्या 'नका'ने जात नाही, कारण सांगितल्याने जाण्याची शक्यता असते. विधान आणि त्याचा आधार मिळून एक कल्पना होते. दुसरं विधान आलं की मात्र नवी स्लाइड हवी. सूज येण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, ही सूचना दोरीच्या स्लाइडवर सहज बसेल. दोन्ही गोष्टी हातापायांबद्दलच आहेत. पण तिथे ती ठेवली तर एक गोष्ट करायची आणि एक टाळायची, असे दोन उलट आदेश एका नजरेत येतात. ओझरतं वाचणारा त्यांची अदलाबदल करतो.

मराठीत आणखी एक धोका आहे. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. 'चावलेल्या जागेच्या वर घट्ट दोरी' एवढं एका स्लाइडवर आणि 'बांधू नका' पुढच्या स्लाइडवर गेलं, तर पहिली स्लाइड नेमका उलटा सल्ला देते. तीन ठिपके देऊन वाक्य अर्धं तोडण्याची युक्ती म्हणून इथे वर्ज्य मानावी. लोक एखाद्याच स्लाइडचा स्क्रीनशॉट घेऊन कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, तेव्हा मागची-पुढची स्लाइड सोबत नसते. यावर दुसरा आक्षेप असा की प्रत्येक स्लाइड एकटी उभी राहिली तर साखळी कशी राहणार? साखळी प्रश्नांची असते, वाक्यांची नाही. अर्थ त्या स्लाइडवर पुरा झाला पाहिजे. अपुरं राहायचं ते फक्त वाचकाचं कुतूहल.

चौथ्या स्लाइडपाशी हे नीट दिसतं. 'कोणता साप होता ते शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर भारतात एकच प्रतिविष देतात.' यातून विचारी वाचकाला वाटतं, साप दिसलाच नाही, चावल्याची खूणही नाही, तर? पाचवी स्लाइड मण्यारीची: 'मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. फारसं दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या तर थांबू नका.' हा क्रम बरोबर आहे की नाही हे तपासायला एक वाचक पुरतो. प्रत्येक स्लाइडवर त्याला थांबवून विचारावं, आता काय जाणून घ्यावंसं वाटतं? त्याचं उत्तर पुढच्या स्लाइडवर नसेल तर क्रम बदलावा, किंवा मधे एक स्लाइड घालावी. दोन स्लाइडची अदलाबदल करूनही काहीच बिघडलं नाही, तर त्या दोघींमध्ये धागा नव्हता, असं समजावं.

सगळ्या मजकुराला असा धागा मिळत नाही, हेही खरं. जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका या सूचना एकमेकींतून उगवत नाहीत. त्यांना ओढूनताणून प्रश्नोत्तरांत बसवण्यापेक्षा 'जखमेला काहीही करू नका' या एका कल्पनेखाली एकाच स्लाइडवर ठेवणं प्रामाणिकपणाचं. वीस स्लाइडची मुभा आहे म्हणून वीस भरायच्या नसतात. प्रश्न संपले की पोस्ट संपली. शेवटच्या स्लाइडवर 'सेव्ह करा, शेअर करा' एवढंच लिहिलं तर ती जागा वाया जाते, कारण वाचकाच्या मनातला शेवटचा प्रश्न अजून उरलेला असतो: रुग्णालयात पोचल्यावर आपण काय करायचं? 'साप किती वाजता चावला आणि त्यानंतर काय काय त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष मिळतं, हे आजच विचारून ठेवा.' एवढं सांगून झालं की सरकवायला पुढे स्लाइड नसावी.