मीच तेवढी बरी आले नाही

लग्नातला ग्रुप फोटो मोबाइलवर आला की घरातला प्रत्येकजण आधी स्वतःला शोधतो आणि मग बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं : बाकी सगळे छान आलेत, मीच तेवढी बरी आले नाही. आत्या भाचीकडे बघून हे म्हणते, भाची आत्याकडे बघून. फोटो तोच, उजेड तोच, क्षणही तोच. आत्याला भाची झकास दिसते, भाचीला आत्या. दोघींना खटकतो तो फक्त आपापला चेहरा. तेव्हा दोष फोटोत शोधून भागणार नाही. कोण कोणाचा चेहरा बघतंय, हे पाहायला हवं.

आत्याने नथ घातली आहे, असं समजा. नथ डाव्या नाकपुडीत. आरशासमोर उभी राहिली की नथ तिला समोरच्या प्रतिमेतही स्वतःच्या डाव्या हाताच्या बाजूलाच दिसते. तोच चेहरा फोटोत आला की नथ चित्राच्या उजव्या बाजूला जाते. डाव्या खांद्यावरचा पदरही तसाच बाजू बदलतो. हे ठळक बदल आपण गृहीत धरतो, त्यांचं काही वाटत नाही. पण त्यांच्याबरोबर चेहराही उलटा होतो आणि कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई केसभर वर असते, हसताना ओठाचा एक कोपरा जरा जास्त ओढला जातो, नाक अगदी थोडं एका अंगाला झुकलेलं असतं. आरशात या गोष्टी एका ठरावीक बाजूला बघायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. फोटोत त्या दुसऱ्या बाजूला जातात. नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

भाचीने मात्र आत्याला नेहमी समोरून पाहिलेलं असतं, कॅमेरा बघतो तसं. तिच्या दृष्टीने फोटोतली आत्या म्हणजे रोजचीच आत्या. ग्रुप फोटोत इतर सगळे आपल्याला ओळखीच्या रूपात दिसतात. अनोळखी रूपात दिसतो तो एकटा आपलाच चेहरा.

हे तपासून बघण्याची सुरेख युक्ती 1977 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थिओडोर मीटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट या तीन संशोधकांनी वापरली. त्यांनी विद्यार्थिनींचे समोरून फोटो काढले आणि एकाच निगेटिव्हवरून दोन प्रती तयार केल्या. एक नेहमीसारखी सरळ, दुसरी आरशात दिसते तशी उलटी. उजेड, हसू, केस यांत तसूभरही फरक नाही, फरक फक्त डाव्या-उजव्याचा. मग त्या मुलीला आणि तिच्या जवळच्या मैत्रिणीला विचारलं, यातली कुठली प्रत जास्त आवडते? मुलींचा कल स्वतःच्या उलट्या, म्हणजे आरशातल्या प्रतीकडे होता आणि मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. दुसऱ्या फेरीत मैत्रिणीच्या जागी त्या मुलींचे प्रियकर होते. त्यांचाही कल सरळ प्रतीकडेच दिसला.

या प्रयोगाची खरी ताकद त्या मैत्रिणीत आहे. फक्त मुलींनाच विचारलं असतं, तर उलटी प्रत मुळातच अधिक चांगली दिसत असेल, अशी शंका उरली असती. तसं असतं तर मैत्रिणीनेही तीच उचलली असती. तिने दुसरी उचलली, कारण तिची ओळख दुसऱ्या रूपाशी होती. अर्थात हा एकंदर कल होता. प्रत्येकीने असंच निवडलं असं नाही, आणि फरकही बारीकच होता.

यामागचा नियम नऊ वर्षं आधीच मांडला गेला होता. पोलंडमध्ये जन्मलेले आणि मिशिगन विद्यापीठात काम करणारे रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही एकदाच, काही दोनदा, काही पाच, दहा, तर काही पंचवीस वेळा. जे जास्त वेळा दिसलं, त्याबद्दल लोकांचं मत अधिक चांगलं झालं. बक्षीस नाही, कौतुक नाही, नुसतं पुन्हा पुन्हा नजरेसमोर येणं पुरेसं ठरलं. पुढे 1980 साली कुन्स्ट-विल्सन यांच्यासोबत त्यांनी काही वेडेवाकडे अष्टकोन इतके क्षणभर दाखवले की आधी कुठले पाहिले होते, हे लोकांना धड ओळखता येईना. तरीही दोनांतला आवडता कुठला असं विचारल्यावर त्यांचा हात आधी दाखवलेल्या आकाराकडेच जास्त वेळा गेला. ओळखीतून येणारी आवड आपल्या नकळत तयार होते, ती अशी. म्हणूनच फोटो नावडतो तेव्हा ‘ओळखीचा वाटत नाही’ हे कारण आपल्याला सुचत नाही. ‘मी वाईट दिसते’ हेच सुचतं. मला यातली ही चूक फार अन्यायाची वाटते.

तरी फोटो न आवडण्याचं सगळं खापर डाव्या-उजव्यावर फोडता येणार नाही. आरशात आपण मान हवी तशी वळवतो, चेहरा आवरतो. फोटोत अर्धवट मिटलेला डोळाही गोठून राहतो. सेल्फीत अंतराचा घोटाळा होतो. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणिताने दाखवलं की दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत तीस सेंटिमीटरवरच्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद भासतं, कारण नाक कॅमेऱ्याच्या जवळ असतं आणि कान लांब.

तुमच्या बाबतीत कारण कुठलं, हे घरच्या घरी कळू शकतं. कोणाला तरी दीड-दोन मीटरवरून, खिडकीच्या उजेडात, समोरून फोटो काढायला सांगा. साध्या गळ्याचा कपडा घाला; खिसा, पदर, नथ किंवा अक्षरं दिसली तर उलटी प्रत लगेच ओळखू येते. मोबाइलच्या एडिटिंगमध्ये फोटो आडवा उलटवून दुसरी प्रत करा. दोन्ही प्रती शेजारी ठेवून आधी स्वतः निवडा, मग कुठली काय ते न सांगता जवळच्या माणसाला निवडू द्या. तुमची आणि त्यांची निवड वेगळी आली, तर सवयीचा हात असण्याची शक्यता मोठी, मात्र एकाच फोटोवर न थांबता चार-पाच फोटोंवर करून बघा. दोन्ही प्रती सारख्याच नावडल्या, तर तो क्षण, उजेड किंवा अंतर बदलून बघा. पुढच्या कॅमेऱ्याच्या सेल्फीत मात्र एक गोष्ट आधी तपासा : काढताना पडद्यावर आरशासारखं रूप दिसतं आणि जतन होताना बऱ्याच फोनमध्ये ते सरळ होतं. आयफोनमध्ये हे Mirror Front Camera या सेटिंगने बदलता येतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. स्थळासाठी किंवा नोकरीसाठी फोटो निवडायचा असेल, तर शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवू नका. समोरचा माणूस तुम्हाला आरशातून कधीच बघणार नाही. 2017 साली डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात प्रोफाइल फोटोंची निवड तपासली. लोकांनी स्वतः निवडलेल्या फोटोंपेक्षा त्यांना न ओळखणाऱ्यांनी निवडलेल्या फोटोंनी बघणाऱ्यांवर अधिक चांगली छाप पाडली. डावं-उजवं हेच त्याचं कारण असं तो अभ्यास म्हणत नाही. पण स्वतःच्या चेहऱ्याचे आपण चांगले परीक्षक नसतो, एवढं त्यातून नक्की दिसतं. चार-पाच फोटो बाजूला काढा आणि निवड बहिणीवर किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यावर सोपवा. त्यांनी उचललेला फोटो तुम्हाला खटकला, तरी तोच पाठवा.