घाटातली टकटक: नॉक, डिटोनेशन आणि प्री-इग्निशनबद्दलचे पाच गैरसमज

मे महिन्यातली दुपार, गाडीत पाच माणसं, डिकी सामानाने भरलेली आणि समोर खंबाटकीचा चढ. गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे, इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर उतरलंय आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आहे. अशा वेळी बॉनेटखालून बारीक, कोरडी टकटक ऐकू येते आणि पाय थोडा उचलला की ती थांबते. या टकटकीबद्दल चालकांमध्ये आणि गॅरेजमध्येही बरेच समज पक्के बसलेले आहेत. त्यांतले पाच इथे तपासून पाहू. उदाहरणासाठी एकच इंजिन धरू: १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, ७३ मिलिमीटर बोअरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन.

गैरसमज १: टकटक म्हणजे पिस्टन किंवा व्हॉल्व्ह कशावर तरी आपटतोय.

वस्तुस्थिती: या टकटकीत धातू धातूवर आपटत नाही. आवाज वायूच्या दाबाचा असतो.

पिस्टन वर येत असतानाच, माथ्याला पोहोचण्याच्या थोडं आधी, स्पार्क पडतो. तिथून ज्योत प्लगपासून कडेकडे सरकत जाते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात फुटत नाही, ते क्रमाने जळतं. आपल्या उदाहरणातल्या वेगाला क्रँक एक अंश फिरायला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात आणि बहुतेक मिश्रण जळायला साधारण ४ मिलिसेकंद.

या वेळात कडेला राहिलेलं, अजून न जळलेलं मिश्रण दोन्हीकडून दाबलं जातं. आधी वर येणारा पिस्टन त्याला दाबतो आणि मग जळून फुगलेला वायू. दाबामुळे ते तापत जातं. ज्योत पोहोचण्याआधीच त्याचं तापमान हद्दीपलीकडे गेलं, तर ते आपणहून आणि बरंचसं एकदम पेट घेतं. त्या कोपऱ्यात दाब उसळतो आणि त्याच्या लाटा सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत राहतात. त्यामुळे ब्लॉक थरथरतो आणि आपल्याला टकटक ऐकू येते. यालाच नॉक म्हणतात.

घंटेचा स्वर तिच्या आकारावर ठरतो, तसा या थरथरीचा स्वर बोअरवर ठरतो. ७३ मिलिमीटरच्या बोअरला तो सुमारे साडेसात किलोहर्ट्झ भरतो. बोअर मोठा असेल, तर स्वर खाली येतो.

घाटातच हे का होतं, तेही यातून कळतं. पूर्ण ॲक्सिलरेटरमुळे सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण शिरतं, बाहेरची हवा आधीच तापलेली असते आणि इंजिन हळू फिरत असल्याने कडेच्या मिश्रणाला पेट घ्यायला जास्त वेळ मिळतो. गिअर खाली टाकला की फेऱ्या वाढतात, तोच चढ कमी ॲक्सिलरेटरवर चढता येतो आणि टकटक जाते. टॅपेटचा आवाज मात्र गाडी उभी असतानाही येतो आणि भाराऐवजी फेऱ्यांप्रमाणे बदलतो. दोन्ही आवाज वेगळे ओळखायची ही सोपी खूण आहे.

गैरसमज २: नॉक, डिटोनेशन आणि प्री-इग्निशन ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत.

वस्तुस्थिती: पहिल्या दोन नावांची सरमिसळ चालून जाते, तिसऱ्याची नाही.

शास्त्राच्या काटेकोर भाषेत डिटोनेशन म्हणजे आवाजाच्या वेगाहून जोरात धावणारी जळण्याची लाट. रोजच्या गाडीतला नॉक बहुधा तिथपर्यंत जात नाही. पण गॅरेजमध्ये आणि अनेक पुस्तकांत नॉकलाच डिटोनेशन म्हणतात आणि त्यामुळे निदान चुकत नाही.

प्री-इग्निशनचं तसं नाही. नॉक स्पार्कनंतर होतो, तर प्री-इग्निशनमध्ये मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटलेलं असतं. ते पेटवणारी वस्तू म्हणजे सिलिंडरमधली एखादी लालभडक जागा: चुकीच्या हीट रेंजच्या प्लगचं टोक, निखाऱ्यासारखा धुमसणारा कार्बन किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची पातळ झालेली कड. पिस्टन अजून बराच खाली असताना आग लागते आणि वर येणाऱ्या पिस्टनला त्या वाढत्या दाबाविरुद्ध लढावं लागतं. दाब आणि उष्णता दोन्ही भलतीच चढतात.

इंजिन उघडल्यावर पिस्टनवर बहुधा हा फरक दिसतो. सतत नॉक सोसलेल्या पिस्टनची कड वाळूचा मारा बसल्यासारखी खरबरीत होते आणि रिंगांमधल्या कडा तुटतात. प्री-इग्निशनने पिस्टनचा माथा वितळतो, कधी मधोमध आरपार भोक पडतं.

दोघांचं नातंही आहे. फार वेळ चाललेला नॉक प्लगला तापवून प्री-इग्निशनला जागा करून देतो. उलट प्री-इग्निशनने दाब वेळेआधी वाढला की कडेचं मिश्रण नॉक करतं. त्यामुळे एकाच पिस्टनवर दोन्ही खुणा सापडू शकतात.

गैरसमज ३: नॉक सेन्सर नॉक होऊच देत नाही.

वस्तुस्थिती: सेन्सर फक्त थरथर टिपतो. निर्णय ईसीयू घेतो, तोही नॉक झाल्यावर.

सेन्सरच्या आत पिझो सिरॅमिकची कडी आणि तिच्यावर एक छोटं वजन असतं. ब्लॉक थरथरला की ते वजन कडीला दाबतं आणि कडीतून विजेचा बारीक संकेत निघतो. चार सिलिंडरच्या इंजिनात सेन्सर बहुधा ब्लॉकवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे बसवतात.

इंजिनात व्हॉल्व्ह बसण्याचे, इंजेक्टरचे, पिस्टनचे असे कितीतरी आवाज असतात. म्हणून ईसीयू सतत ऐकत बसत नाही. ज्या सिलिंडरमध्ये जळण चालू आहे, त्याचा पिस्टन माथ्यावरून खाली येऊ लागल्यानंतरच्या काही अंशांपुरतीच खिडकी तो उघडतो. त्या खिडकीत बोअरच्या स्वराजवळची थरथर तो गाळून घेतो, तिचा जोर मोजतो आणि त्याच सिलिंडरच्या नेहमीच्या आवाजाशी ताडून पाहतो. फरक ठरावीक पटीपलीकडे गेला, तर तो नॉक समजतो.

आता आपल्या घाटात काय घडलं ते पाहू. समजा, तिसऱ्या सिलिंडरमध्ये नॉक झाला. दोन हजार फेऱ्यांना हाच सिलिंडर पुन्हा पेटतो ६० मिलिसेकंदांनी, तेवढ्यात ईसीयूचा हिशेब झालेला असतो. समजा, स्पार्क माथ्याच्या १६ अंश आधी पडत होता, तर पुढचा स्पार्क १३ अंश आधी पडेल. जळण उशिरा सुरू झाल्याने दाबाचा कळस खाली येतो आणि कडेचं मिश्रण वाचतं. मग काही काळ थांबून ईसीयू टायमिंग अर्ध्या-एक अंशाने पुन्हा पुढे सरकवतो. पुन्हा नॉक झाला, तर पुन्हा मागे. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रत्येक इंजिनात वेगळे असतात. पण मागे घेताना झटक्यात आणि पुढे नेताना हळूहळू, ही रीत सर्रास आढळते.

म्हणजे नॉकच्या सीमारेषेवर चालणं हे अशा इंजिनाचं ठरलेलं काम आहे. चढावर गिअर बदलेपर्यंत ऐकू आलेली दोन-चार सेकंदांची हलकी टकटक इंजिन मोडत नाही. रोज, मिनिटांमागून मिनिटं चालणारी टकटक मात्र मोडते.

गैरसमज ४: सेन्सर आहे, म्हणजे प्री-इग्निशनचीही काळजी नको.

वस्तुस्थिती: सेन्सरच्या जोरावर ईसीयूचा मुख्य उपाय असतो स्पार्क उशिरा पाडणं. आग जर स्पार्कने लावलेलीच नसेल, तर स्पार्क कितीही मागे नेऊन उपयोग नाही.

छोट्या टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत हा धोका अधिक आहे. कमी फेऱ्या आणि मोठा भार असताना, सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला तेल-पेट्रोलचा थेंब किंवा सुटलेला कार्बनचा कण मिश्रण आधीच पेटवतो. त्यातून उठणारा नॉक इतका प्रचंड असू शकतो की एका-दोन फटक्यांत पिस्टनची कड तुटते. सेन्सरला तो ऐकू येतो, पण तोवर फटका बसलेला असतो. अशा वेळी काही ईसीयू भार कमी करतात किंवा पेट्रोलचं प्रमाण बदलतात, म्हणजे पुढचा फटका तरी टळतो.

इथे बचाव इंजिन ऑइलपासून सुरू होतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे असं पेटणं वाढतं, असं आढळल्यावर नवी मानकं आली. २०२० पासून लागू झालेल्या एपीआय एसपी दर्जात याची चाचणी आहे. टर्बो गाडीत कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं ऑइल आणि सांगितलेल्याच हीट रेंजचा प्लग वापरायला हवा. आणि पन्नासच्या वेगाला टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणं टाळायला हवं.

गैरसमज ५: महाग पेट्रोल भरलं की ताकद वाढते आणि टकटकीचा प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती: ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. आपणहून पेट न घेण्याची चिकाटी म्हणजे ऑक्टेन.

ज्या इंजिनाचा ईसीयू साध्या पेट्रोलवर टायमिंग मागे घेत होता, त्याला जास्त ऑक्टेनवर ते पुढे नेता येतं आणि गेलेली ताकद परत मिळते. जिथे नॉक नव्हताच, तिथे फरक पडायचं कारण नाही. सेन्सर नसलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत टायमिंग आपोआप बदलत नाही. तिथे जास्त ऑक्टेनने टकटक जाईल, पण ताकद वाढणार नाही. लालभडक प्लगने लावलेली आगही ऑक्टेनने भरवशाने थांबत नाही, तिथे प्लगच बदलावा लागतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर P0325 दिसला, तर लगेच नवा सेन्सर विकत घेऊ नका. तो कोड सेन्सरच्या सर्किटमधला दोष सांगतो: तुटलेली वायर आणि गंजलेला कनेक्टरही त्यात येतात. दोष असेपर्यंत ईसीयू सावधपणे टायमिंग मागे ठेवतो, म्हणून गाडी सुस्त होते आणि मायलेज घटतं. सेन्सर बदलायचाच असेल, तर बसण्याची जागा स्वच्छ पुसून, मधे वॉशर न घालता, बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापावर कसायला सांगा. अनेक सेन्सरांना हे माप २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. बोल्ट ढिला राहिला किंवा जास्त आवळला, तर सेन्सरला थरथर नीट कळत नाही आणि नवाकोरा सेन्सरही निकामी ठरतो.