अंगठ्याखालून निसटलेलं क्रियापद

चेन्नईच्या विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेत एक प्लांट मॅनेजर उभा आहे अशी कल्पना करा. एका हातात बॅग, दुसऱ्यात मोबाइल, आणि अंगठ्याने तो न वाचलेले साठेक मेल वर सरकवतोय. भोसरीच्या त्याच्या कारखान्यातून आलेला मेल त्याला असा दिसतो: ‘भोसरी युनिटमधील कॉम्प्रेसरच्या दुरु…’. असेल काहीतरी दुरुस्तीचं, असं म्हणून अंगठा पुढे जातो.

पूर्ण विषय होता: ‘भोसरी युनिटमधील कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी मिळणेबाबत’. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. सरकारी पत्रात ‘विषय’ या शब्दापुढे असंच लिहायला आपण शाळेपासून शिकलो. कागदावर ते चालतं, कारण तिथे अख्खी ओळ एकदम डोळ्यांपुढे असते. मोबाइलवर मात्र साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, आणि मराठीत जे करायचं असतं ते तर वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे नेमकी मंजुरीच कापली गेली.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांची तऱ्हा उलटी. ‘रिक्वेस्ट फॉर युअर काइंड अप्रूव्हल’ इथपर्यंत सगळं दिसतं, फक्त मंजुरी कशाला हवी तेवढं दिसत नाही.

आता तोच विषय असा लिहून पाहा: ‘मंजुरी हवी, शुक्र. १४, सायं. ५ पर्यंत: कॉम्प्रेसर, ₹१.८४ लाख’. काम पहिल्या दोन शब्दांत आलं, त्यापाठोपाठ मुदत. ओळ इथे कापली गेली तरी रांगेतल्या माणसाला कळतं की आपल्याकडून काहीतरी हवंय आणि ते केव्हापर्यंत हवंय. ‘उद्यापर्यंत’ असं मुद्दामच लिहिलेलं नाही. मेल दुसऱ्या दिवशी उघडला, तर तो ‘उद्या’ नेमका कोणता? रक्कमही उगाच दिलेली नाही. प्रत्येक मॅनेजरच्या अधिकाराला मर्यादा असते, आणि आकडा पाहताच त्याला समजतं की हे आपल्या सहीत बसतं की वर पाठवावं लागेल.

अमेरिकी सैन्यदलांत मेलच्या विषयाची सुरुवातच अशा शब्दाने करण्याची पद्धत आहे: कृती हवी, निर्णय हवा, सही हवी, की फक्त माहितीसाठी. आपल्या ऑफिसात असे तीन-चार शब्द ठरवून घेतले तरी पुरे. त्यातला ‘माहितीसाठी’ सर्वांत उपयोगी, असं माझं मत. साहेबांना काहीच करायचं नसलेल्या मेलवर तो प्रामाणिकपणे लिहिला, तरच ‘मंजुरी हवी’ला वजन राहतं. ‘अर्जंट’चं काय झालं ते आपण पाहतोच. तीन उद्गारचिन्हं लावूनही कोणी ढुंकून पाहत नाही, कारण त्यात काय अर्जंट आणि कधीपर्यंत, हे कुठेच नसतं.

विषयाने मेल उघडला जातो, पण काम व्हायचं तर पहिल्या ओळीने विषयाचाच धागा उचलावा लागतो. कॉम्प्रेसरच्या मेलमध्ये ‘आपणांस विदित आहेच की’ने सुरुवात झाली आणि खाली सहा पानी कोटेशन जोडलं, तर मॅनेजर त्याला तारा लावून ‘रात्री बघू’ म्हणणार. त्याऐवजी असं: ‘मुख्य कॉम्प्रेसर बंद आहे, लाइन भाड्याच्या मशिनवर चालू आहे. हा दर शुक्रवारी ५ पर्यंतच. नुसतं “हो” कळवलंत तरी पीओ आज काढतो.’ रांगेत उभं राहून एका अंगठ्याने देता येईल, एवढंच उत्तर मागितलंय.

आणखी एक चूक हमखास होते. मागच्या महिन्यातल्या ‘मेन्टेनन्स मीटिंग’च्या मेललाच ‘रिप्लाय’ करून त्याच्या पोटात मंजुरी मागायची. वर ‘Re: मेन्टेनन्स मीटिंग’ तसंच राहतं, आणि मॅनेजरच्या मनात ती मीटिंग केव्हाच संपलेली असते. मागणी नवी असेल तर विषय बदलावा. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषणही वेगळं होतं आणि मेल जुन्या ढिगातून बाहेर येतो. जुना संदर्भ लागत असेल तर खाली राहू द्यावा.

मात्र सगळंच विषयात उघड करू नये. विषयाची ओळ कुलूप लावलेल्या मोबाइलच्या पडद्यावरही झळकते, आणि मीटिंगमध्ये लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असेल तर भिंतीवरही. मेल सांकेतिक करून पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतींतही मजकूर झाकला जातो, विषय बहुधा उघडाच राहतो. कोणाची पगारवाढ, कोणावरची तक्रार, कोणाचं आजारपण असेल, तर ‘निर्णय हवा, शुक्र. १४: कर्मचारी विषय’ एवढंच लिहावं. नाव आत.

पाठवण्याआधी तो मेल एकदा स्वतःलाच पाठवा, फोन टेबलावर ठेवा आणि पडद्यावर जेवढं उमटेल तेवढंच वाचा. ‘मिळणेबाबत’ तिथे दिसणार नाही.