फळ्यावरचे चौकोन

सिस्टिम डिझाइनच्या मुलाखतीत फळ्यावर चौकोन पडायला वेळ लागत नाही: ऑर्डर वेगळी, पेमेंट वेगळं, साठा वेगळा. पण हे तुकडे कशासाठी, हे उमेदवाराला सांगता यायला हवं.

अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील अभियंत्यांनी 2023 मध्ये एक अनुभव प्रसिद्ध केला. प्रक्षेपणातले दोष शोधणारी त्यांची यंत्रणा मायक्रोसर्व्हिसेसमध्ये विभागलेली होती. एक सर्व्हिस व्हिडिओतल्या फ्रेम काढून सामायिक साठवणीत ठेवी, दुसरी त्या तिथून उचलून तपासी. प्रत्येक ने-आणीचे, प्रत्येक पायरीचे पैसे पडत. अपेक्षित भाराच्या सुमारे 5 टक्क्यांवरच यंत्रणा अडली. मग सारे भाग एकाच प्रोसेसमध्ये आणले. फ्रेम मेमरीतूनच पुढे जाऊ लागल्या आणि खर्च 90 टक्क्यांहून अधिक घटला.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. दोन सर्व्हिसेस दरवेळी एकत्रच बदलाव्या लागत असतील, एकीवाचून दुसरीचं पानही हलत नसेल, तर ती फाळणी खोटी. साधा फंक्शन कॉल तेवढा नेटवर्कवर गेला, आणि तिथे तो अडकू शकतो, हरवूही शकतो.

वेगळी टीम किंवा अगदी वेगळा भार असेल, तर जरूर तोडावं. पाच जणांच्या टीमला मात्र नीट कप्पे पाडलेला मोनोलिथच योग्य.