रात्री दोन वाजता सही कोणाची?

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून सलग ३६ तास बसून एखाद्या प्रश्नावर सॉफ्टवेअर तयार करण्याच्या स्पर्धा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या अंगवळणी पडल्या आहेत. पोस्टर, टी-शर्ट, बक्षिसं यांची धावपळ महिनाभर आधी सुरू होते. राहून जातो तो प्रोजेक्ट चार्टर. उपक्रम कशासाठी, तो जमला हे कशावरून ठरवायचं आणि कोणाच्या अधिकारात चालायचा, हे लिहून वरिष्ठांनी सही केलेला दोन पानी कागद.

समजा, कॉलेजात ४० संघ येणार आहेत, प्रत्येकी चौघांचे. ‘विद्यार्थ्यांमध्ये नवोन्मेष रुजवणे’ या उद्दिष्टाला कोणी नाही म्हणणार नाही, पण त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. ‘जवळच्या ग्रामीण रुग्णालयातली केसपेपरची रांग कमी करणारं, चालवून दाखवता येईल असं सॉफ्टवेअर’ असं लिहिलं, की परीक्षक कोण हवेत, रुग्णालयातून कोणाला बोलवायचं हे आपोआप ठरू लागतं. यशाचा निकषही तिथूनच निघतो. किती जणांनी नाव नोंदवलं याला फारसा अर्थ नाही. निदान ३० संघांनी मुदतीत चालता प्रोग्रॅम दाखवावा आणि त्यातला एक तरी तीन महिन्यांच्या आत रुग्णालयाने आठवडाभर वापरून पाहावा. हे तपासायचं कोणी, त्याचं नावही लिहावं. तोवर आयोजक विद्यार्थी परीक्षेत गुंतलेले असतात.

खरा घात होतो गृहीतकांत. ‘इंटरनेट असेल’ असं धरून चालतात. १६० विद्यार्थ्यांचे लॅपटॉप आणि फोन मिळून ३२० जोडण्या होतात. साध्या वाय-फाय राउटरवर तीस-चाळीस जण एकदम आले, की तो रडू लागतो. म्हणून गृहीतकापुढे तपासणीची तारीख हवी, तीही पर्याय शोधायला आठवडा उरेल अशी. दुसरं गृहीतक, मुली रात्रभर थांबतील. वसतिगृहाचं दार ठरल्या वेळी बंद होतं. रेक्टरांना आधी पत्र गेलं नसेल, तर मुलींना काम अर्धवट टाकून उठावं लागतं. एका पत्राअभावी असं व्हावं, याची मला फार चीड येते.

उरला अधिकार. इथे प्रायोजक म्हणजे प्राचार्य, कारण जागा, माणसं आणि पैसा त्यांच्या शब्दावर मिळतो. समन्वयकाने दहा हजारांपर्यंतचा खर्च न विचारता करावा, म्हणजे मध्यरात्री जनरेटरचं डिझेल अडत नाही. त्यापुढचा खर्च किंवा स्पर्धा थांबवणं प्राचार्यांच्या हाती; त्यांचा फोन लागला नाही तर उपप्राचार्यांच्या. गुण देण्याचा अधिकार फक्त परीक्षकांचा, हेही स्पष्ट लिहावं. बक्षिसाचे पैसे देणाऱ्या कंपनीचा माणूस निकालाआधी ‘जरा आमच्या विषयाचा संघ बघा’ म्हणत आला, तर समन्वयकाला त्याच्यापुढे ठेवायला प्राचार्यांच्या सहीचं तेवढं वाक्य पुरतं.